लेन्स घाण होती, असं गर्शोनने लिहिलं

इस्राएलातल्या आमच्या किर्यात मलाखीत कुणाच्या घरी काय शिजतंय ते मला वासावरून कळतं, आणि कुणाच्या घरातलं काय बिघडलंय ते गर्शोन झिराडकरला आवाजावरून कळायचं. मी तोंडावर त्याला गर्शोनभाऊ म्हणते. लिहिताना माणूस समोर नसतो, म्हणून इथे नुसता गर्शोन.

गर्शोन मूळचा ठाण्याचा. मिसरूड फुटायच्या आधीपासून तिथल्या एका रेडिओच्या दुकानात व्हॉल्व्ह बदलत बसायचा. इथे आला तो एकाहत्तर साली. बावीस वर्षं कारखान्यात मशिनं सांभाळली, मग कारखान्यानं त्याला घरी बसवलं. घरी बसणाऱ्यातला तो नव्हता. आमच्या बिल्डिंगखाली मिकलात आहे, म्हणजे बॉम्ब पडायला लागले की सगळ्यांनी धावत जाऊन लपायची सिमेंटची खोली. लढाई नसताना तिथे फक्त जुन्या गाद्या आणि मांजरं असायची. गर्शोननं किल्ली मागून घेतली, मांजरांना बाहेर काढलं, टेबल मांडलं आणि मिक्सर, पंखे, रेडिओ दुरुस्त करायला बसला. मी म्हणायची, गर्शोनभाऊ, आता बॉम्ब पडले तर तुमच्या मिक्सरांना बाहेर काढायचं की आम्हाला? तो म्हणायचा, मिक्सरांना आवाज कमी आहे, योनाबाई.

दोन हजारनंतर मिक्सर कमी झाले आणि पोरांच्या गेमचे डबे यायला लागले. कन्सोल म्हणतात त्याला. टीव्हीला जोडायचा, डिस्क घालायची, आणि पोरगं तीन तास जिवंत आहे की नाही ते आईला कळत नाही. हे डबे एकाच तक्रारीनं यायचे: डिस्क वाचत नाही. गर्शोननं पंचावन्नाव्या वर्षी एक मोडका डबा भंगारातून आणला, दहा वेळा उघडला, दहा वेळा जोडला, आणि ती विद्या शिकला.

त्याची रीत मला पाठ आहे, कारण चहा घेऊन मी रोज तिथे. त्याच्याजवळ एक कोरी करकरीत डिस्क होती, धुतलेल्या रुमालात गुंडाळलेली. तिला तो साक्षीदार म्हणायचा. खेळायला नाही, फक्त तपासायला. पहिल्यांदा आजारी डब्यात साक्षीदार घालायचा, मग आजारी डिस्क स्वतःच्या धडधाकट डब्यात. साक्षीदार चालला आणि गिऱ्हाइकाची डिस्क दोन्हीकडे अडली, तर दोष डिस्कचा. साक्षीदारही अडला, तर दोष डब्याचा. मग झाकण उघडून, कापसाची काडी स्पिरिटमध्ये जेमतेम ओली करून, मसुराच्या दाण्याएवढ्या लेन्सवरून हलकेच फिरवायची. वाळू द्यायची. वाचायला लागला तर नुसती घाण होती. नाही वाचलं तर डोळे मिटून ऐकायचा. धडधाकट ड्राइव्ह, म्हणजे डब्यातला वाचणारा भाग, डिस्क फिरवतो, बारीकसा कुर्र करतो आणि स्थिर होतो. मरायला टेकलेला फिरवतो, थांबतो, परत फिरवतो, टिक टिक टिक करत लेन्स पुढेमागे नेतो आणि सोडून देतो. थंड असताना वाचतो, तापला की विसरतो. "माझ्यासारखा," असं तो म्हणायचा.

आणि आमच्या बायका. डिस्कवर ओरखडा दिसला की खोबरेल तेल. केसाला, सांध्याला, दाराच्या बिजागरीला, तसं डिस्कलाही. बरं, पहिल्यांदा ती चालायचीसुद्धा, कारण तेलानं ओरखडा भरतो. पण डिस्क गरगर फिरते, तेल उडतं, आणि उडून जातं कुठे तर लेन्सवर. मग एकीच्या जागी घरातल्या सगळ्याच डिस्का बंद. अशा बाईला गर्शोन समोर बसवून दाखवायचा: पुसायचं ते मधून कडेला, सरळ, थाळी घासल्यासारखं गोल गोल नाही. आडवा ओरखडा मशीन उडी मारून ओलांडतं. पण गोल ओरखडा डिस्कच्या रेघेच्या बाजूनंच जातो, तिथली अक्षरंच्या अक्षरं खातो, आणि मशीनला उडी मारून पोचायला पलीकडचा काठ सापडत नाही.

काम झालं की डब्याच्या पोटाला एक चिठ्ठी चिकटवायचा. मराठीत. "लेन्स घाण. साफ केली." किंवा "डिस्क खलास. डबा ठीक." किंवा "ड्राइव्ह थकला. दोन महिने काढेल." रशियन गिऱ्हाईक असो की मोरोक्कन, चिठ्ठी मराठीतच. परत आलं तर आपल्याला वाचता आलं पाहिजे, एवढाच त्याचा हिशेब. चिठ्ठीवर खोटं लिहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. एकदा स्वतःच्या हातून लेन्सवर चरा गेला, तर "माझ्या हातून चरा" असं लिहून दिलं होतं.

आता त्याच्या मुलीचं. अनात, एकुलती. आई लवकर गेली, म्हणून बापानं वाढवली. तिचं लग्न मी जमवलं. ब्याण्णव साल. नवरामुलगा यिशाय, म्हणजे मोझेस अष्टमकरांचा मुलगा. मोझेस आमच्या सिनेगॉगमधला मोठा माणूस, गर्शोनचा ठाण्यापासूनचा दोस्त. यिशाय उंच, गोरा, फळं भरायच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा, आणि जिन्यात भेटला की माझ्या दोन्ही पिशव्या न विचारता उचलायचा. मी सगळ्यांना सांगायची, माणूस नाही, लिफ्ट आहे. त्यांनी घर घेतलं ते माझ्या शेजारचं, मधे एक भिंत. गर्शोन तळमजल्यावर, पलीकडच्या दारानं.

त्या भिंतीतून मला आवाज यायचे. जड काहीतरी पडायचं, मग शांत. मग नळ. मी जिन्यात अनातला विचारलं, रोज काय सोफा हलवता, राजवाडा सजवताय काय? ती हसली. हिब्रूत म्हणाली, जागा कमी आहे ना. मी ही गोष्ट चार ठिकाणी विनोद म्हणून सांगितली. लोक हसले. मीही हसले. हे मी लिहून ठेवते, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही.

दोन हजार चारचा हिवाळा संपता संपता अनात बापाकडे डबा घेऊन आली. मी तिथेच होते. डबा आणि तीन डिस्का, पातळ प्लास्टिकच्या पिशवीत. तिची मुलगी नोगा दहा वर्षांची, तिचे गेम. अनात म्हणाली, एकही चालत नाही, घाण झाली असेल, धूळ फार आहे आमच्याकडे. गर्शोननं मराठीत विचारलं, पडला बिडला होता का? तिनं हिब्रूत सांगितलं, नाही. घाईत होती. बाही मनगटाच्या खालपर्यंत ओढलेली होती, पण मार्चमध्ये कुणाचीही असते.

ती गेल्यावर गर्शोन खुशीत होता. नातीचं काम. रुमालातून साक्षीदार काढला, डब्यात घातला. डबा फिरला, कुर्र, स्थिर. चालला. मी म्हटलं, झालं की. त्यानं तो परत काढून परत घातला, जसं काही डब्यानं पहिल्यांदा थट्टा केली असेल. परत चालला. अर्धा तास तापू दिला, तरी चालला. म्हणजे ड्राइव्ह धडधाकट.

तरीसुद्धा त्यानं झाकण उघडलं. लेन्सवर नावापुरती धूळ होती. काडीनं पुसली. मग नोगाची पहिली डिस्क घातली. टिक टिक टिक. बाहेर. दुसरी, तेच. तिसरी, तेच. स्वतःच्या डब्यात घातल्या, तिथेही तेच. मला वाटतं, एखादा माणूस घाण सापडावी म्हणून इतका धडपडताना मी पहिल्यांदाच पाहिला. लेन्स त्यानं तीनदा पुसली.

मग डिस्का टेबलाच्या दिव्याखाली तिरप्या धरल्या. नोगाच्या बोटांचे ठसे होते, जॅम होता, बारीक ओरखडे होते, ते मुलांच्या हातातल्या कुठल्याही डिस्कवर असतात. आणि प्रत्येकीवर एक गोल चर. कंपासनं काढल्यासारखा, पूर्ण वर्तुळ, नख अडकेल इतका खोल. पहिलीवर कडेजवळ, दुसरीवर मधोमध, तिसरीवर आतल्या बाजूला.

मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, डिस्क फिरत असताना डबा हलला की असं होतं. मी म्हटलं, हलला असेल मग, पोर आहे. तो उठला, भंगारातला डबा काढला, एक रद्दी डिस्क फिरायला लावली आणि चालू डबा हातानं आडव्याचा उभा केला. डिस्क काढून दिव्याखाली धरली. गोल रेघ होती, पण उथळ. मग तोच डबा दुसरी रद्दी डिस्क घालून टेबलावरून फरशीवर ढकलला. एवढा आवाज झाला की मी बांगडीला हात लावला. त्यानं डिस्क काढली आणि माझ्या हातात दिली. खोल चर. नोगाच्या डिस्कांवर होता तसा.

पुढचं मी विचारलं नव्हतं, त्यानंच दाखवलं. अनातच्या डब्याच्या आत स्क्रू बसतो तो प्लास्टिकचा खुंट मोडलेला होता आणि चिकटवलेला होता. बाहेरचा एक कोपरा पण चिकटवलेला, इतका नीट की वरून दिसू नये. पुरुषी हाताचं काम, असं तो म्हणाला. पस्तावलेल्या हाताचं, असं मी मनात म्हटलं.

डबा एकदा पडला तर आत एकच डिस्क असते. हे समजायला मला रेडिओची विद्या लागत नाही. तीन डिस्का म्हणजे तीन वेळा. आणि दर वेळी डबा चालू होता, म्हणजे टीव्हीसमोर नोगा बसलेली होती.

भिंतीतले माझे सोफे मला तेव्हा ऐकू आले. मी गर्शोनला म्हटलं, अनातशी बोला. तो म्हणाला, बोलतो. ती घाईत होती, बाही खाली ओढलेली होती, हे मी त्याला सांगितलं नाही; आणि त्यानंही मला सांगितलं नाही. दोघांनी पाहिलं होतं.

तो बोलला नाही. सिनेगॉगमध्ये मोझेसच्या शेजारी बसला, मोझेसनं दिलेली तपकीर ओढली. त्याचं म्हणणं काय होतं ते मी नंतर काढून घेतलं: मुलीनं स्वतः नाही म्हटलं, मग बापानं कसं हो म्हणायचं? घरातली गोष्ट. मोझेसचं घर. आणि कदाचित संपलंही असेल. दुरुस्त केल्यावर माणसं सांभाळून वागतात.

त्यानं मग काय केलं, तर त्याच तीन गेमच्या दुसऱ्या डिस्का मिळवल्या. एक गिऱ्हाइकाकडून, दोन अश्दोदच्या बाजारातून. बेष्ट, बिनओरखड्याच्या. त्या नोगाच्या पिशवीत घातल्या. जुन्या तीन टेबलाच्या खणात ठेवल्या. मोडका खुंट पक्का केला. आणि डब्याच्या पोटाला चिठ्ठी लावली: "लेन्स घाण. साफ केली."

मी ती चिठ्ठी वाचली. मी म्हटलं, गर्शोनभाऊ, हे बरं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, चहात साखर जास्त झालीय. मी चहाचा कप उचलून घरी आले. जिभेवर नेहमी शंभर टोमणे असतात माझ्या. त्या दिवशी एक सुद्धा नव्हता.

तीन आठवडे गेले. भिंत शांत होती, म्हणजे मी रेडिओ मोठा ठेवत होते.

शुक्रवार होता, शब्बाथ, म्हणजे कामाला हात न लावायचा दिवस, लागायला तीनेक तास. मी मिकलातमध्ये गर्शोनच्या हातात चपात्यांचा डबा देत होते, तेवढ्यात नोगा आली. एकटी. चपला उलट्या पायांत. हातात एक डिस्क, कव्हर नसलेली, बोटाच्या भोकात अडकवलेली. ती आमच्या मराठीला नेहमी हिब्रूत उत्तर देते. तिनं डिस्क टेबलावर ठेवली आणि आजोबांना विचारलं,

"साबा, ही पण लेन्स आहे का?"

गर्शोननं डिस्क दिव्याखाली धरली नाही. धरायची गरज नव्हती, चर लांबूनही दिसत होता. तो म्हणाला, नोगा, तुला कोणी सांगितलं? ती म्हणाली, मला सगळं माहितीय. माझ्या गेमवर मी आतल्या बाजूला पेननं छोटी मासोळी काढली होती. तू दिलेल्यांवर मासोळ्या नव्हत्या. मला वाटलं, तू कुणालातरी सांगणार आहेस, म्हणून मी कुणाला नाही सांगितलं.

मग आईबद्दल म्हणाली, इमा न्हाणीघरात आहे आणि दार उघडत नाही.

गर्शोननं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. टेबलावर लोकांचे तीन डबे उघडे पडलेले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मशीन उघडं टाकून दुकान सोडलं, आणि कुलूपही लावलं नाही. तीन मजले तो माझ्यापुढे चढला. यिशाय घरी नव्हता, शब्बाथची पोळी आणायला गेला होता. हे मला सगळ्यात भयंकर वाटलं. हॉलमध्ये डबा पालथा पडला होता, आणि पोटाची चिठ्ठी वर आली होती.

अनातनं बापाच्या आवाजाला दार उघडलं नाही, माझ्या आवाजाला उघडलं. ओला टॉवेल डाव्या कानाला दाबलेला. टॉवेलला थोडं रक्त, फार नाही. मी काही म्हटलं तर ती उजवा कान वळवत होती. मी तिला टॅक्सीनं दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती. कानात बघून म्हणाली, पडदा फाटलाय, पडून असं होत नाही, उघड्या हातानं होतं. कागदावर तसं लिहिलं. तिला बिचारीला कुणाच्या सिनेगॉगशी देणंघेणं नव्हतं. ऐकू परत येईल का, ते तिनं सांगितलं नाही.

अनात आणि नोगा त्या संध्याकाळी गर्शोनच्या घरी उतरल्या. अनातनं स्वतःच शब्बाथचा दिवा लावला. आम्हाला वाटलं, निदान आता ती बापाच्या छपराखाली आहे. मला तर वाटलं, गोष्ट संपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोझेस आला, यिशायला घेऊन. आमच्यात अजून असं चालतं: पोलिसांच्या आधी म्हातारे. सिनेगॉगचे कपडे अंगावर, हातात टोपी. यिशायनं नवीन शर्ट घातला होता, दाढी केली होती. अनात आतल्या खोलीत होती, दार लोटलेलं. नोगाला मी माझ्या घरी कोंबडी सोलायच्या बहाण्यानं पाठवायला बघत होते, शब्बाथला कोंबडी कोण सोलतं, पण मला दुसरं काही सुचलं नाही. ती गेली नाही.

मोझेस गोड बोलतो. ठाण्याच्या दिवसांपासून सुरू केलं. गोदामात यिशायची पाळी कमी केलीय, माणूस तापतो, हात उठला, चूक झाली, तो माफी मागायला आलाय. यिशायनं मान खाली घालून माफी मागितली. अगदी चांगली मागितली. माझ्या पिशव्या उचलायचा त्याच आवाजात. एकदाच झालं, असं म्हणाला.

गर्शोन उठून खाली गेला. आम्हाला वाटलं, राग आवरायला गेला. परत आला तो चार डिस्का घेऊन. टेबलक्लॉथवर, पोळीच्या ताटाशेजारी, ओळीनं मांडल्या.

मोझेस म्हणाला, शब्बाथला हे हातात घेत नाहीत, गर्शोन. आणि पोरांच्या डिस्का आहेत, पोरं काहीही करतात.

गर्शोन म्हणाला, "डबा एकदा पडला तर एकच डिस्क जाते, मोझेस. ह्या चार आहेत. चारांवर चर चार ठिकाणी आहे, म्हणजे चार वेगळ्या वेळा. माझी लेन्स ठीक आहे, माझा ड्राइव्ह ठीक आहे. मी साक्षीदार लावून बघितलंय."

यिशायनं एक डिस्क उचलून पाहिली आणि जागेवर ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर पस्तावा नव्हता, हिशेब होता. त्यानं बापाकडे पाहिलं. मोझेस मूर्ख नाही. त्याला मुलगा वाचवायचा होता, आणि समोरच्या माणसाला तो चाळीस वर्षं ओळखत होता. त्यानं हळूच विचारलं, ह्यातल्या तीन डिस्का जुन्या दिसतात. त्या तू कधी बघितल्यास?

गर्शोन खोटं बोलू शकला असता. कालच, असं म्हटलं असतं तर मी सुद्धा मान हलवली असती. पण एकदा लिहिलेलं खोटं त्याला पचलं नव्हतं, दुसरं तोंडातून निघेना.

"पुरिमच्या सणानंतर. तीन आठवडे झाले."

"आणि तेव्हा काय म्हणालास?"

"लेन्स घाण, असं लिहून दिलं."

मोझेसनं हात पसरले. म्हणजे तुलाही घर मोडायचं नव्हतं ना, असं त्याच्या हातांचं म्हणणं. मग आता काय वेगळं झालं? आपण दोघं बाप आहोत. तो उठून गर्शोनच्या खांद्यावर हात ठेवणार, एवढ्यात आतलं दार उघडलं.

अनात बाहेर आली. चांगला कान आमच्याकडे होता. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही, सासऱ्याकडे पाहिलं नाही. टेबलावरच्या चार डिस्का तिनं एकदा नजरेनं मोजल्या. मग ती बापाशी मराठीत बोलली. पंधरा वर्षांत तिच्या तोंडून मी एवढं सलग मराठी ऐकलं नव्हतं.

"पप्पा, मी खोटं बोलले कारण मला भीती वाटत होती. मला वाटलं, तुम्ही उघडून बघाल आणि तुम्हाला कळेल, मला बोलावं लागणार नाही. म्हणून तिन्ही डिस्का दिल्या. लपवायचं असतं तर एकच दिली असती ना?"

गर्शोननं तिच्याकडे एक पाऊल टाकलं.

"डबा परत आला तेव्हा मी चिठ्ठी वाचली. मी समजले, तुम्हाला कळलं नाही. तीन आठवडे मी स्वतःला सांगत होते, म्हातारे झाले, नजर गेली. मला तुमची कीव येत होती."

एवढं बोलून ती आत गेली. नोगा तिच्यामागे गेली, आणि दार लागलं. नुसतं लोटलं नाही, आतून कडी लागली.

यिशाय उठून निघाला. दारात माझ्याकडे बघून मान लववली, सवयीनं. मोझेस पोळीचा तुकडा न घेता गेला.

रविवारी अनात पोलिसांत गेली. सोबत मी होते. बापाला तिनं येऊ दिलं नाही. डॉक्टरचा कागद तिथे कामाला आला. डिस्का मी पिशवीत नेल्या होत्या, पण तिथल्या अधिकाऱ्यानं त्या उलटसुलट करून परत दिल्या. माझ्या तोंडानं मी त्याला आडवा ओरखडा आणि गोल ओरखडा समजावला, बराच वेळ. सौम्य मुलगा होता. म्हणाला, बाई, कान पुरे आहे. नंतर समाजकल्याण खात्याची एक बाई आली, आणि बुधवारी अनात नोगाला घेऊन हैफाला गेली. तिथे बायकांसाठी एक घर आहे, पत्ता देत नाहीत. जायच्या आधी ती वरून कपडे भरून उतरत होती, तेव्हा गर्शोननं जिन्यात तिला थांबवलं. इथेच राहा, म्हणाला, मी खाली दाराशी झोपेन, त्याला पाऊल टाकू देणार नाही. ती म्हणाली, मला माहितीय. आणि बॅग उचलून खाली उतरली. बॅग जड होती. उचलायला कुणी पुढे झालं नाही; मीच झाले.

यिशाय आता बापाकडे राहतो. खटला चालू आहे. मोझेस आणि गर्शोन सिनेगॉगमध्ये दोन टोकांना बसतात, आणि मधल्या बाकांवर बसायला लोक आधी दोन्हीकडे बघून घेतात. गावात दोन बाजू झाल्या. एक म्हणते बापानं मुलीचं घर मोडलं, दुसरी म्हणते बापानं मुलीला उशिरा वाचवलं. माझ्याकडे लोक अजून बातम्या काढायला येतात. मी सांगते, सगळं मी ऐकलं होतं, भिंतीतून, आधीपासून. मग ते विषय बदलतात. माझी चेष्टा करायला आता कुणी येत नाही.

गर्शोन दुकान उघडतो. काम करतो, पहिल्यासारखंच नीट. पोरं डबे आणतात, तो झाकण उघडतो. पण त्याचा कान गेला. कुठला ड्राइव्ह मरतोय ते आता त्याला डोळे मिटून कळत नाही, दोनदा-तीनदा लावून बघावं लागतं. वय असेल, असं आम्ही म्हणतो.

अनात गुरुवारी मला फोन करते. कानातून अजून शीळ येते, ऐकू अर्धंच. नोगा शाळेत रुळली. मग विचारते, पप्पांची शुगर किती आली. मी सांगते. गोळ्या घेतात का, विचारते. मी सांगते. फोन चालू असताना गर्शोन बहुतेक माझ्या खुर्चीवर बसलेला असतो, हात मांडीवर ठेवून, कारण गुरुवार त्यालाही माहीत आहे. मी दर वेळी विचारते, देऊ का? ती म्हणते, पुढच्या आठवड्यात बघू, योनामावशी, आणि फोन ठेवते.